बिर्याणीचा बिरिस्ता

बिर्याणीच्या थरांत पेरला जाणारा कुरकुरीत तळलेला कांदा म्हणजे बिरिस्ता. त्याचे यश बरेचसे चिरण्यावर ठरते. कांदा उभा, पातळ आणि सारख्या जाडीचा चिरावा लागतो. जाडी कमीजास्त असेल, तर पातळ काप करपतात आणि जाड काप मऊच राहतात. चिरलेल्या पाकळ्या हाताने सुट्या करून थोडा वेळ कापडावर पसरल्या की वरचा ओलावा कमी होतो.

अर्धा किलो कांद्यासाठी पसरट कढईत काप सहज बुडतील इतके तेल घेऊन ते मध्यम तापवावे. एक काप टाकल्यावर भोवती लगेच बुडबुडे आले, पण तो काळवंडला नाही, म्हणजे तेल तयार आहे. तेल कमी तापले असेल तर कांदा तेलकट होतो. फार तापले तर बाहेरून करपतो आणि आत ओला राहतो. कांदा दोन-तीन घाण्यांत तळावा. एकदम सगळा टाकल्यास तेल थंड पडते.

पाणी उडून गेले की बुडबुडे मंदावतात आणि रंग झपाट्याने बदलतो. या वेळी सतत हलवत राहावे. फिकट सोनेरी रंगावरच कांदा झाऱ्याने काढावा, कारण बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने आणखी गडद होतो. तो चाळणीत निथळून कागदावर पातळ पसरावा. ढीग केल्यास वाफेने मऊ पडतो.

पूर्ण गार झाल्यावरच बिरिस्ता कोरड्या, हवाबंद डब्यात भरावा. खवट वास आल्यास तो वापरू नये. उरलेले तेल गाळून बिर्याणीच्या मसाल्यातच वापरता येते.