भाताच्या खाचरात दरवर्षी किती आर्सेनिक साठतं?

बांगलादेशात जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत भाताचं एक पीक घेतात. त्याला बोरो म्हणतात. आपल्या कोकणातलं भात पावसावर होतं. बोरो मात्र ऐन कोरड्या हंगामात वाढतो, त्यामुळे त्याचं जवळजवळ सगळं पाणी उथळ कूपनलिकांतून उपसावं लागतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या या गाळाच्या प्रदेशात पुष्कळ ठिकाणी त्याच उथळ थरातल्या पाण्यात आर्सेनिक आहे. पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या विषबाधेची चर्चा आपण बरीच ऐकली आहे. पण तेच पाणी वर्षानुवर्षं शेतात सोडलं तर मातीत दरवर्षी किती भर पडते, हा प्रश्न मागे राहिला. तो महत्त्वाचा, कारण मातीतलं आर्सेनिक वाढलं की तांदळात ते उतरतं आणि पुढेपुढे पीकच खुंटतं.

हिशेबाची सुरुवात सोपी आहे. बोरोच्या एका हंगामाला ढोबळमानाने १००० मिलिमीटर, म्हणजे एक मीटर उंचीचं पाणी लागतं. एक चौरस मीटर जमीन डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर हंगामभरात एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी पडलं. ढाक्याच्या दक्षिणेला मुन्शीगंज जिल्ह्यात श्रीनगर नावाचं ठिकाण आहे. तिथल्या एका कूपनलिकेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ०.४ मिलिग्रॅम आर्सेनिक होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मर्यादेच्या हे चाळीसपट. म्हणजे एका हंगामात एका चौरस मीटरवर ४०० मिलिग्रॅम आर्सेनिक आलं. हेक्टरी चार किलो.

आता ते मिसळतं किती मातीत, ते पाहू. चिखलणीत वरची साधारण १५ सेंटिमीटर माती ढवळली जाते. घनमीटरभर मातीचं कोरडं वजन १३०० किलो धरलं, तर आपल्या चौरस मीटरखालच्या या थरात १९५ किलो माती भरते. ४०० मिलिग्रॅमला १९५ किलोंनी भागलं की उत्तर येतं: किलोमागे सुमारे दोन मिलिग्रॅम, दरवर्षी. या भागातल्या मातीत मुळातलं आर्सेनिक किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर असतं. म्हणजे पाच वर्षांत ते दुप्पट व्हायला हवं.

अनेक अहवालांतला हिशेब इथेच थांबतो. मला तो अपुरा वाटतो, कारण ही झाली फक्त जमेची बाजू. आलेलं सगळं आर्सेनिक जिथे पडलं तिथेच राहतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

जमेचा आकडासुद्धा नीट काढायला कष्ट पडतात. पंपाच्या तोंडाशी दोनशे लिटरचं पिंप ठेवायचं आणि ते भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पंप हंगामात किती तास चालला, याची नोंद ठेवायची. दोन्हींवरून पाण्याचं आकारमान मिळतं. आर्सेनिकसाठी पाण्याचा नमुना घेताना मात्र एक चूक हमखास होते. जमिनीखालून येणारं हे पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात विरघळलेलं लोह भरपूर असतं. हवा लागली की लोहाचा नारिंगी गंज तयार होतो आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसतं. बाटलीत लगेच आम्ल घातलं नाही, तर तो गंज तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी तपासलं जातं आणि आर्सेनिक आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पाटाच्या शेवटी नमुना घेतला तरी हीच गत, कारण वाटेतच बरंचसं खाली बसलेलं असतं.

हाच गंज शेतात आर्सेनिकची वाटणीही ठरवतो. पाणी पंपातून मातीच्या पाटाने जातं, मग पहिल्या खाचरात, तिथून पुढे. वाटेत गंज बसत जातो. म्हणून पाणी ज्या तोंडातून शेतात शिरतं, तिथे सर्वांत जास्त आर्सेनिक साठतं आणि लांबच्या कोपऱ्यात सर्वांत कमी. फरीदपूर जिल्ह्यातल्या एका कूपनलिकेच्या लाभक्षेत्रात गोलाम पानाउल्लाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपशिलाने मोजलं. ते काम २००९ साली प्रसिद्ध झालं. कूपनलिका सोळा वर्षं चालू होती. तिच्या पाण्यात लिटरमागे ०.१३ मिलिग्रॅम आर्सेनिक होतं, म्हणजे श्रीनगरच्या तिसरा हिस्सा. हंगामाला तेच एक मीटर पाणी धरून वरच्या पद्धतीने मी हिशेब केला, तर सोळा वर्षांची भर सरासरी किलोमागे दहा-अकरा मिलिग्रॅम येते. प्रत्यक्षात त्या एकाच लाभक्षेत्रातल्या मातीत आर्सेनिक किलोमागे सुमारे दहापासून सत्तर मिलिग्रॅमपर्यंत आढळलं. सरासरीचा आकडा पाहून जो निश्चिंत होईल, त्याला सत्तरचा कोपरा दिसणारच नाही. आणि पीक त्याच कोपऱ्यात कोसळलं: कमी आर्सेनिकच्या जागी हेक्टरी सात ते नऊ टन भात, जास्तीच्या जागी दोन ते तीन टन. जमीन त्याच शिवारातली, पाणीही त्याच कूपनलिकेचं.

म्हणून मातीचे नमुने पाण्याच्या तोंडापासून शेवटच्या बांधापर्यंत ठरावीक अंतरावर घ्यायचे असतात आणि सरासरी काढताना प्रत्येक नमुन्यामागचं क्षेत्र लक्षात घ्यायचं असतं. शेताच्या मध्यातून मूठभर माती उचलून काढलेला आकडा त्या शेताबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता खर्चाची बाजू. पीक किती आर्सेनिक उचलून नेतं? चौरस मीटरला ६०० ग्रॅम दाणे आणि तितकाच पेंढा धरू. दाण्यात किलोमागे ०.३ आणि पेंढ्यात पाच मिलिग्रॅम आर्सेनिक मानलं, तर दोन्ही मिळून जेमतेम तीन मिलिग्रॅम होतं. ४०० च्या पुढे हे नगण्य. पीक काढून नेल्याने जमीन शुद्ध होत नाही. पेंढ्याचा प्रश्न जमिनीपेक्षा तो खाणाऱ्या गुरांचा अधिक आहे.

मोठा खर्च पावसाळ्यात होतो, आणि तो शोधून काढणं हे या क्षेत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम आहे. श्रीनगरची शेतं पावसाळ्यात कित्येक फूट पाण्याखाली महिनोन्‌महिने बुडून असतात. पाण्याखालच्या मातीतला प्राणवायू संपला की सूक्ष्मजीव श्वसनासाठी गंजातल्या लोहाचा वापर करतात. गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक मातीच्या कणांमधल्या पाण्यात मोकळं होतं. तिथून ते हळूहळू वरच्या पुराच्या पाण्यात झिरपतं आणि पूर ओसरताना त्याच्याबरोबर निघून जातं. झुरिकच्या संशोधन संस्था आणि ढाक्याचं बांगलादेश अभियांत्रिकी व तंत्रज्ञान विद्यापीठ यांच्या गटाने तिथे अनेक हंगाम मोजमापं घेतली. लिंडा रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलेला निष्कर्ष असा की एका पावसाळ्यात दर चौरस मीटरमागे ५१ ते २५० मिलिग्रॅम आर्सेनिक मातीतून पुराच्या पाण्यात जातं. सिंचनातून वर्षभरात आलेल्या आर्सेनिकचा हा १३ ते ६२ टक्के भाग आहे.

हे आपल्या हिशेबात घालू. ४०० मिलिग्रॅम आले, २५० गेले, तर १५० उरले: वर्षाला किलोमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम. ५१ च गेले, तर ३४९ उरले: सुमारे १.८. म्हणजे त्याच पाण्यावर मातीतलं आर्सेनिक दहा मिलिग्रॅमने वाढायला एका हिशेबाने साडेपाच वर्षं लागतात, तर दुसऱ्याने तेरा. यात १५ सेंटिमीटरच्या खाली झिरपलेलं आर्सेनिक अजून धरलेलंच नाही. बांधाकडेच्या बिळांतून आणि भेगांतून पाणी बरंच खाली उतरतं, त्याच्याबरोबर थोडं आर्सेनिकही जातं. म्हणून जाणकार वरच्या थराबरोबर खालचेही थर, साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत, तपासतात आणि किलोमागच्या प्रमाणाऐवजी चौरस मीटरखाली एकूण किती मिलिग्रॅम आहे ते मांडतात. चिखलणीने मातीचा पोत आणि घनता बदलली तरी हा आकडा फसवत नाही.

फरीदपूरच्या गटाने असाच ताळेबंद मांडला, तर तिथे आलेल्या आर्सेनिकपैकी ९६ टक्के मातीतच राहिल्याचं निघालं. इतक्या वेगळ्या उत्तराला शेतावर पूर किती खोल येतो, किती दिवस थांबतो आणि त्याचं पाणी वाहतं की साचून राहतं, हे कारण असू शकतं. पाण्यातल्या लोहाचं प्रमाण, माती आणि दोन्हीकडची मोजण्याची रीतही वेगळी आहे. एका जागेचा दर उचलून दुसऱ्या जागेला लावता येत नाही, एवढं मात्र या दोन आकड्यांवरून स्पष्ट होतं.

याच कारणाने नमुना कधी घेतला, यावरही उत्तर बदलतं. एका वर्षी मे महिन्यात, सिंचन संपताना माती तपासली आणि पुढच्या वेळी पूर ओसरल्यावर डिसेंबरात, तर आर्सेनिक घटल्यासारखं दिसेल. उलट क्रमाने केलं तर भयंकर वाढल्यासारखं. दरवर्षी त्याच महिन्यात, शक्यतो पुरानंतर आणि नव्या सिंचनाआधी, नमुने घेतले तरच निव्वळ भर कळते. तीही एका वर्षात कळत नाही. एकाच शेतात हातभर अंतरावरच्या दोन नमुन्यांत किलोमागे एक मिलिग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि शोधायची असलेली वार्षिक वाढही तेवढीच असते. म्हणून खुंट्या ठोकून त्याच जागांचे नमुने अनेक वर्षं घ्यावे लागतात. जवळच, आर्सेनिक नसलेल्या पाण्यावरचं त्याच मातीचं एक शेतही तपासावं लागतं. तिथला आकडाही तितकाच वाढलेला दिसला, तर दोष प्रयोगशाळेचा किंवा नमुन्याचा समजायचा.

हा हिशेब शेतकऱ्याच्या हातात काही उपायही देतो. पाणी लांब पाटातून किंवा एखाद्या खड्ड्यातून खेळवत नेलं तर गंज तिथेच बसतो आणि खरवडून शेताबाहेर टाकता येतो. खाचर सतत भरलेलं न ठेवता मधूनमधून सुकू दिलं तर पाणी कमी लागतं, आणि जितकं पाणी वाचलं तितकं आर्सेनिक आलंच नाही. धोक्याची जागाही यातूनच दिसते. पूर रोखायला नदीकाठी तटबंध घातला की भात, घरं, गुरं वाचतात, आणि लोकांना तो हवा असणं स्वाभाविकच आहे. पण आत तीच कूपनलिका चालू राहिली आणि पावसाळ्यातला पूर मात्र थांबला, तर श्रीनगरसारख्या शेतातून दरवर्षी चौरस मीटरमागे निघून जाणारे ते ५१ ते २५० मिलिग्रॅम यापुढे मातीतच राहतील. तटबंधाची आखणी करताना आतल्या कूपनलिकांचं पाणी आधी तपासायला हवं.