शेंद्र्याचा इसार, चाकणचं खरेदीखत

स्कोडाच्या शेंद्र्यातल्या कारखान्यात पहिली ऑक्टाव्हिया जुळली 2001 मध्ये. त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. जुलै 2024 मध्ये टोयोटाने बिडकीनसाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. 20,000 कोटींचा आकडा छापून आला आणि आमच्या गावात कारखाना उभा राहिल्यासारखे पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांनी मला शेंद्र्याची आठवण करून दिली, आणि ती काही गोड नव्हती.

शेंद्र्याआधीचा वाळूजचा काळ मी पटकन ओलांडतो. 1985 मध्ये बजाज आली, मागोमाग पुरवठादार आले, शेड उभ्या राहिल्या. त्या हिशोबात गूढ असं काहीच नव्हतं. खरी गंमत 2000 ते 2010 या दशकात झाली. त्या काळात मी एका बँकेत प्रकल्प अहवाल वाचायचं काम करायचो.

स्कोडाने इथे सुरुवात केली ती सुटे भाग आणून गाडी जुळवण्यापासून. प्रेस शॉप नाही, इंजिनाचा कारखाना नाही. अशा प्रकल्पाला नेहमीचं गणित लावलं, म्हणजे भविष्यातली आवक आजच्या किमतीत आणून तीतून गुंतवणूक वजा केली, तर उत्तर फारसं आकर्षक येत नाही. तरीही शहाण्या कंपन्या असे कारखाने काढतात, कारण तो पैसा हा इसार असतो. जमिनीचा इसार दिला की पुढे खरेदी करण्याचा हक्क मिळतो, सक्ती होत नाही. भाव पडला तर इसारावर पाणी सोडायचं आणि मोकळं व्हायचं. शेअर बाजारातल्या अशा हक्काची किंमत काढायचं सूत्र 1973 मध्ये आलं. तोच विचार कारखान्यांना लावून 1977 मध्ये स्ट्यूअर्ट मायर्स यांनी त्याला ‘रिअल ऑप्शन’ म्हटलं. मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित आणि रॉबर्ट पिंडाइक यांनी 1994 मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आमच्या बँकेत मात्र याची खबर नव्हती.

समजण्यापुरतं एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिला टप्पा 100 कोटींचा आणि त्यातून येणाऱ्या पैशाची आजची किंमत 70 कोटी. म्हणजे 30 कोटींची तूट, फाईल नामंजूर. दुसरा टप्पा तीन वर्षांनी, खर्च 300 कोटी. त्या टप्प्याच्या आवकीची आजची किंमत 250 कोटी धरू. तीन वर्षांत बाजार फुलला तर ती 400 होईल, कोमेजला तर 200. बिनजोखमीचं व्याज तीन वर्षांचं मिळून 20 टक्के. दुसरा टप्पा करणारच अशी आज शपथ घेतली, तर 300 कोटींची आजची किंमतही 250 भरते आणि फायदा शून्य. पण शपथ न घेता नुसता हक्क राखला, तर चांगल्या दिवसांत 100 कोटी सुटतात आणि वाईट दिवसांत आपण घरी बसतो. दोन्ही दिवसांना भार किती द्यायचा? आजचे 250 कोटी व्याजासकट 300 होतात, आणि 300 हे 400 आणि 200 यांच्या बरोबर मध्ये आहेत, म्हणून भार अर्धा-अर्धा. हा भार कुणाचा अंदाज नव्हे, तो किमतींतूनच निघतो. तेव्हा 100 चे अर्धे 50, ते आजच्या किमतीत साधारण 42 कोटी. तूट 30, हक्क 42 चा. नामंजूर फाईल 12 कोटींनी नफ्यात आली.

आता माघारीचा हक्क. पहिल्या टप्प्याची 70 ची किंमत त्याच प्रमाणात वाईट दिवसांत 56 वर येईल. त्या वेळी जमीन, शेड आणि मशिनरी विकून 80 मिळत असतील, तर कारखाना चालवत बसण्यापेक्षा विकण्यात 24 कोटी जास्त. त्याचे अर्धे, आजच्या किमतीत 10 कोटी. हेही बेरजेत धरायचे.

हे 80 मात्र कागदावरच सरळ असतात. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा असतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायला परवानगी लागते आणि हस्तांतरण शुल्क पडतं. शंभरावर कामगार असले तर त्या काळी बंदीसाठी सरकारकडे जावं लागे. तळेगावच्या जनरल मोटर्सचं उदाहरण समोर आहे. तिथलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं. चिनी ग्रेट वॉलशी ठरलेली विक्री सरकारी मंजुरीअभावी बारगळली आणि कारखाना ह्युंदाईकडे जायला 2024 उजाडलं. मधल्या वर्षांचा खर्च 80 मधून वजा करायला कोण तयार असतो?

अहवालवाल्या सल्लागारांशी माझं भांडण इथेच होतं. त्यांना वजाबाकी नको असायची. तोट्यातला प्रकल्प आणायचा आणि शेवटच्या पानावर ‘सामरिक महत्त्व’ असं लिहून मोकळं व्हायचं. पुढे एकाने ऑप्शनचं सूत्रही शिकून घेतलं. मग तर विचारूच नका. या गणितात अनिश्चितता वाढवली की हक्काची किंमत वाढते. आपल्याच उदाहरणात 400 आणि 200 च्या जागी 500 आणि 100 लिहा, भार तोच अर्धा राहतो आणि 42 चे 83 होतात. हवं ते उत्तर काढायची इतकी सोपी किल्ली दुसरी नाही. फुगवटा ओळखायचा असेल तर दोन प्रश्न पुरतात. हा चढउतार कोणत्या खऱ्या विक्रीच्या आकड्यांवरून घेतला? आणि पहिला टप्पा न करता दुसरा करता येतो का? येत असेल, तर पहिल्याने काहीच विकत घेतलेलं नाही.

तिसरा प्रश्न मात्र गावाने विचारायचा होता: हक्क नक्की कुणाचा? शेंद्र्याने स्कोडाला विक्रेते दिले, नाव दिलं, इथल्या ग्राहकाची आणि कायद्यांची ओळख दिली. यातलं काहीच शेंद्र्याच्या मातीला चिकटलेलं नव्हतं. 2006 च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाने आपला मोठा कारखाना चाकणला ठरवला, सुमारे 3,800 कोटींचा, वर्षाला 1,10,000 गाड्यांचा. 2009 मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली, तीही पोलो नव्हे, स्कोडाचीच फाबिया! विस्ताराचा हक्क बजावला गेला, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, फक्त सव्वादोनशे किलोमीटर पलीकडे. पुण्याच्या बाजूला पुरवठादारांची दाट साखळी होती, बंदर जवळ होतं. कंपनीचं काय चुकलं? काहीच नाही. आमच्याकडे ऑडीची आणि स्कोडाच्या महागड्या गाड्यांची जुळणी राहिली. पुढे 2018 मध्ये समूहाने 1 अब्ज युरोची योजना जाहीर केली, तेव्हा कुशाक आणि स्लाव्हियाही चाकणलाच गेल्या.

गावाने मात्र दुसऱ्याच्या हक्काला स्वतःची ठेव मानलं. ‘दुसरा टप्पा येणार’ एवढ्या वाक्यावर कर्ज मागायला आलेले लघुउद्योजक माझ्या टेबलासमोर बसून गेले. त्यांची शेड आणि त्यांचे डाय म्हणजे शपथ होती, हक्क नव्हता. मोठ्याने मोकळीक राखायची आणि लहानाने बांधून घ्यायचं, अशी ती विभागणी होती. कमी उचल झाली तर भरपाई, अशी एक ओळ पुरवठ्याच्या करारात मागा म्हटलं, तर ते माझ्याकडे वेड्यासारखे बघायचे.

आता शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिकची सुमारे 10,000 एकर जमीन आहे. सामंजस्य करारावर सही करायला कंपनीला जवळजवळ काहीच लागत नाही. फुकटात मिळालेला हक्क कुणीही घेईल आणि मुदत नसेल तर वर्षानुवर्षं उशाशी ठेवील. त्या काळात जमीन अडकते, रस्ता आणि पाणी यांचा खर्च सरकार करतं. म्हणजे हक्क विकणारे आपण आणि किंमत न घेणारेही आपणच. म्हणून करार कोणत्याही कंपनीचा असो, पेढ्यांआधी मला वाटपाचं पत्र बघायचं असतं. अनामत किती, उत्पादन कोणत्या तारखेपर्यंत, तारीख चुकली तर जमीन परत येते की नुसता दंड, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवलेल्या एकरांचं दरवर्षी काही भाडं आहे की नाही. असं भाडं लावा असं मी उद्योजकांच्या एका बैठकीत सुचवलं होतं. गुंतवणूकदार बिचकतील, असं उत्तर मिळालं आणि चहा आला.