चिनी वाक्यातले मोजशब्द

‘दोन तिकिटं’ म्हणताना इंग्रजीत आणि मराठीत संख्येला लागूनच नाम येतं. चिनी मँडरिनमध्ये तसं चालत नाही. संख्या आणि नाम यांच्यामध्ये एक मोजशब्द लागतो, आणि तो वस्तूच्या आकारावर किंवा जातीवर ठरतो. मराठीतल्या ‘चार जण’मधला ‘जण’ काहीसा या जातीचा, पण मराठीत त्याची गरज मोजक्या ठिकाणीच पडते; चिनीत ती नेहमीची आहे.

‘या टेबलावर दोन तिकिटं आहेत’ हे वाक्य घ्या. चिनीत ते साधारण असं होतं: ‘झे झांग झुओत्झ शांग यो ल्यांग झांग फ्याव’. क्रमाने अर्थ लावला तर हा, झांग, टेबल, वर, आहे, दोन, झांग, तिकीट. झांग इथे दोनदा आला आहे. तिकीट सपाट आहे म्हणून एकदा, आणि टेबलाचा वरचा भाग सपाट आहे म्हणून दुसऱ्यांदा. ‘हा’, ‘तो’ यांच्यानंतरही मोजशब्द लागतो, आणि इंग्रजीवरून भाषांतर करणारे नेमके तिथेच तो गाळतात. दुसरी चूक ‘दोन’ची. मोजताना दोनला ‘अर’ म्हणतात, पण मोजशब्दाच्या आधी ‘ल्यांग’ येतो. कागद, फोटो, पलंग यांनाही झांगच. पुस्तक मात्र सपाट दिसलं तरी त्याला ‘बन’ लागतो, कारण ते बांधलेलं असतं.

प्राण्यांसाठी सर्वसाधारण शब्द ‘झी’. मांजर, पक्षी, कोंबडी यांना तो चालतो. त्याच्या जुन्या लिपिचिन्हात हातात धरलेला एक पक्षी आहे. जोडीतल्या एका वस्तूलाही, म्हणजे एका कानाला किंवा एका बुटाला, हाच शब्द लागतो. घोड्याला मात्र ‘फी’ आणि गाईबैलांना ‘थोऊ’ म्हणजे डोकं.

खरी गंमत मासा आणि साप यांची. ते प्राणी असूनही त्यांना झी नाही, तर लांबट वस्तूंचा ‘थ्याव’ लागतो. या शब्दाचा मूळ अर्थ बारीक फांदी. नदी, रस्ता, दोरी यांचाही मोजशब्द तोच. कुत्र्याला झी आणि थ्याव दोन्ही चालतात. पण पेन्सिल लांब असली तरी तिला थ्याव लावत नाहीत; ताठ, दांड्यासारख्या वस्तूंसाठी वेगळा मोजशब्द आहे. उच्चाराने तोही ‘झी’च, लिहायचं चिन्ह मात्र निराळं.

इंग्रजी सगळ्यात जास्त फसवते ती पँटच्या बाबतीत. इंग्रजीत ‘अ पेअर ऑफ ट्राउझर्स’ म्हणतात, म्हणून नवशिका जोडीचा शब्द वापरतो. चिनीत पँट ही एकच लांब वस्तू: ‘यी थ्याव खूत्झ’.

मोजशब्द आठवला नाही तर ‘ग’ हा सर्वसाधारण शब्द वापरता येतो. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण ‘ग’ लावलेलं तिकीट कानाला खटकतं. म्हणून वहीत नवा शब्द उतरवताना नुसतं ‘तिकीट’ न लिहिता ‘यी झांग फ्याव’ असं पूर्ण लिहून ठेवावं.