सहा महिन्यांचा करार, तीस दिवसांची नोटीस

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने एक निरोप मला पुढे पाठवला. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, पर्मनंट आहे, वर्षाला अकरा लाखांचं पॅकेज आहे. निरोप असा होता : ‘सीटूएच पोझिशन, ६ महिने, पुढे एक्स्टेंडेबल. बजेट महिना १.२ लाखापर्यंत. थर्ड पार्टी पेरोल. इमिजिएट जॉइनर हवा. इंटरेस्टेड असाल तर सीव्ही पाठवा.’ खाली भाच्याचा प्रश्न : ‘मामा, महिना १.२ लाख म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेचौदा लाख ना? सोडू का नोकरी?’

मी नऊ वर्षं मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीत रिक्रूटर होतो. असे निरोप मी स्वतः शेकड्यांनी पाठवले आहेत. त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. या निरोपात खोटं काही नसतं, पण मुदत, पगार आणि पुढे कायम होण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी अर्ध्याच सांगितलेल्या असतात. पुष्कळदा उरलेलं अर्धं रिक्रूटरलाही माहीत नसतं, कारण त्याच्या हातात क्लायंटकडून आलेली चार ओळींची रिक्वायरमेंट असते. विचारलं की तो पुढे विचारतो. न विचारलं तर कुणीच विचारत नाही.

आधी थर्ड पार्टी पेरोल म्हणजे काय ते पाहू. काम क्लायंटकडे, पण नेमणूकपत्र आणि पगार व्हेंडरकडून, म्हणजे मधल्या कंपनीकडून. क्लायंट व्हेंडरला परचेस ऑर्डर देतो आणि तुमच्या कामाच्या दिवसांचं किंवा तासांचं बिल भरतो. त्यातून आपला हिस्सा ठेवून व्हेंडर तुम्हाला पगार देतो. निरोपातले ‘६ महिने’ बहुधा त्या परचेस ऑर्डरचे असतात. तुमची नोकरी तितके दिवस टिकेलच, असा त्याचा अर्थ नाही. खरी मुदत कळते ती नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या कलमात. तिथे ‘क्लायंटने काम थांबवल्यास ३० दिवसांची नोटीस’ असं लिहिलं असेल, तर तुमच्या हातातली खात्री तीस दिवसांचीच आहे. काही पत्रांत ते पंधरा दिवस असतात आणि त्याच पत्रात उमेदवाराने सोडायचं म्हटलं तर साठ दिवस. ही असमानता सही करण्याआधीच बोलून घ्यावी, नंतर कुणी ऐकत नाही.

मुदतीचा आणखी एक फरक आता महत्त्वाचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. पूर्वी ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षं सलग सेवा लागायची. आता ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर तिचा हक्क मिळतो. म्हणून करार अकरा महिन्यांचा आहे की बारा, आणि वाढवताना मध्ये खंड दाखवतात का, हे विचारायला लाजू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पगारात. ‘महिना १.२ लाख’ हा आकडा तीन तऱ्हांनी येऊ शकतो. पहिली तऱ्हा, तो सीटीसी असतो. मग कंपनीच्या वाट्याचा पीएफ, कधी ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही त्यातच धरलेला असतो. दुसरी, तुम्हाला कर्मचारी न मानता सल्लागार म्हणून बिलावर पैसे देतात. तिथे पीएफ नाही, पगारी रजा नाही आणि टीडीएसही पगाराच्या नव्हे, फीच्या नियमाने कापला जातो. तिसरी तऱ्हा दिवसाच्या दराची. भाच्याच्या बाबतीत ती निघाली.

त्याने रिक्रूटरला फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की दर दिवसाला ५,५०० रुपये आहे आणि महिन्याचे २२ दिवस धरून १ लाख २१ हजार सांगितले आहेत. भाच्याने त्याचे बारा महिने केले, १४ लाख ५२ हजार आले. पण ही बेरीज वर्षात २६४ कामाचे दिवस धरते. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ काढले की २६१ उरतात. क्लायंटच्या दहा सुट्ट्या जातात. दिवाळी, आजारपण, गावची जत्रा मिळून बारा दिवस रजा तरी होतेच. शिवाय क्लायंट अमेरिकन होता, आणि असे काही क्लायंट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंत्राटी लोकांना बिनपगारी सुट्टी देतात. त्याचे पाच दिवस. उरले २३४. त्याला ५,५०० ने गुणलं की १२ लाख ८७ हजार. सांगितलेल्यापेक्षा १ लाख ६५ हजार कमी, आणि तेही दोन करारांच्या मध्ये एकही दिवस रिकामा गेला नाही तर. इथे टाइमशीट मंजूर झाल्याशिवाय पगार निघत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मॅनेजर सुट्टीवर गेला म्हणून पगार दहा दिवस लांबलेला मी पाहिला आहे.

आता ‘सीटूएच’, म्हणजे आधी करार आणि मग पर्मनंट. नेमणूकपत्रात याचा एक शब्दही नसतो, किंवा ‘कामगिरी आणि व्यवसायाच्या गरजेनुसार’ एवढंच असतं. ते आश्वासन नव्हे. व्हेंडरला तुम्ही करारावर आहात तोवरच दरमहा हिस्सा मिळतो. म्हणून क्लायंटशी असलेल्या त्याच्या करारात बहुधा अट असते, की अमुक महिन्यांच्या आत माणूस स्वतःकडे घेतलात तर फी द्या. ती मुदत संपेपर्यंत क्लायंट सहसा हालचाल करत नाही. मुदत संपल्यावरही त्याच्याकडे मंजूर पर्मनंट जागा असावी लागते, आणि ती मॅनेजरच्या नव्हे, वरच्यांच्या हातात असते. शिवाय पर्मनंट करताना पगार क्लायंटच्या श्रेणीप्रमाणे ठरतो. तो करारातल्या दरापेक्षा कमीही येऊ शकतो.

त्यामुळे ‘पर्मनंट होईल का’ असा प्रश्न विचारून उपयोग नाही, त्याला ‘हो, चान्सेस चांगले आहेत’ हेच उत्तर मिळतं. मीही तेच द्यायचो. विचारायचं ते असं : या जागेसाठी पर्मनंटची मंजुरी आत्ता आहे का? गेल्या वर्षी याच टीममध्ये किती जण करारावर आले आणि त्यातले किती पर्मनंट झाले? किती महिन्यांनी विचार होतो, आणि पगार कोणत्या श्रेणीत बसेल? रिक्रूटर आकडे आणून देत असेल तर जागा खरी आहे. दोनदा विचारूनही ‘क्लायंट ठरवेल’ एवढंच येत असेल, तर सीटूएच हा शब्द विसरून निव्वळ करार म्हणून हिशोब मांडावा.

भाच्याने हे सगळं फोनवर विचारलं आणि रिक्रूटरची उत्तरं ई-मेलवर मागितली. ही मागणी कुणी उद्धटपणा समजत नाही, धंद्यात ती रोजची आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. मुदत सहा महिने, नोटीस दोन्हीकडून तीस दिवस. दर दिवसाचा, पेरोलवर, पीएफ वेगळा. गेल्या वर्षी टीममध्ये आठ करारावर आले, एक पर्मनंट झाला. या जागेला मंजुरी नाही.

भाच्याने दर ६,२०० मागितला. २३४ दिवसांनी गुणला की १४ लाख ५० हजार ८०० होतात, म्हणजे पहिल्या निरोपाने जे भासवलं होतं तेवढेच. क्लायंट ५,८०० च्या वर गेला नाही. घरकर्जाचा हप्ता चालू आहे, तेव्हा तीस दिवसांच्या खात्रीवर पर्मनंट नोकरी सोडायची नाही असं त्याने ठरवलं आणि तसं रिक्रूटरला कळवलं.