एका थेंबाचा सामू

शंकुपात्रात २५ मिलिलीटर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. ब्युरेटमधून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे २४.९५ मिलिलीटर द्रावण सोडले आहे. दोन्हींची संहती सारखीच, ०.१ मोलर. आता या मिश्रणाचा सामू, म्हणजे पीएच, किती असेल? आम्ल आणि आम्लारी जवळजवळ सारखेच झाले, फरक जेमतेम एका थेंबाचा, तेव्हा सामूही ७ च्या आसपास असणार, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो ४ असतो. उदासीन पाण्यात जितके हायड्रोजन आयन असतात, त्याच्या हजारपट आयन या मिश्रणात असतात.

हे कसे, ते हिशोबातूनच समजते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड ही दोन्ही तीव्र जातीची. पाण्यात पडली की त्यांचे आयनांमध्ये पूर्ण विघटन होते. आम्लाचा हायड्रोजन आयन आणि आम्लारीचा हायड्रॉक्साइड आयन भेटले की त्यांचे पाणी होते. सोडियम आणि क्लोराइड नुसते हजर राहतात, सामूशी त्यांना काही देणेघेणे नसते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: एकमेकांची फिटंफाट झाल्यावर शिल्लक कोणाची राहिली आणि किती?

मोलर संहतीला मिलिलीटरने गुणले की मिलिमोल मिळतात. आम्लाचे २५ गुणिले ०.१, म्हणजे २.५ मिलिमोल. आम्लारीचे २४.९५ गुणिले ०.१, म्हणजे २.४९५ मिलिमोल. वजाबाकी केली की ०.००५ मिलिमोल आम्ल उरते. ही शिल्लक आता मूळच्या २५ मिलिलीटरमध्ये राहिलेली नाही. ती दोन्ही द्रावणांच्या मिळून झालेल्या ४९.९५ मिलिलीटरमध्ये पसरली आहे. भागाकार केला की हायड्रोजन आयनांची संहती जवळपास ०.०००१ मोलर येते. तिचा लघुगणक उणे ४, आणि चिन्ह बदलले की सामू ४.

या उदाहरणात एकूण आकारमान विसरून २५ ने भागले, तर संहती दुप्पट होते आणि सामू ४ ऐवजी ३.७ येतो. परीक्षेच्या पेपरात ही चूक फार दिसते. तिच्याहून वाईट चूक म्हणजे दोन सामूंची सरासरी काढणे. ०.१ मोलर आम्लाचा सामू १, आम्लारीचा १३, मध्य ७! समान आकारमाने घेतली तर हे उत्तर योगायोगाने बरोबर येते आणि म्हणूनच चुकीची पद्धत डोक्यात पक्की बसते. सामू ही लघुगणकाची मोजपट्टी आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी १९०९ साली ती मांडली, आणि तिच्यावरची प्रत्येक पायरी दहापटीची असते. बेरीज-वजाबाकी आयनांची करायची, सामूची नाही.

दहापटीच्या या पायऱ्यांमुळेच अनुमापनात एक विलक्षण गोष्ट घडते. ब्युरेट उघडली तेव्हा सामू १ होता. आम्लारीचे २४.५ मिलिलीटर पडेपर्यंत ९८ टक्के आम्ल संपलेले असते, तरी सामू जेमतेम ३ पर्यंत चढतो. आणखी ०.४५ मिलिलीटर पडले की ४. पुढचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा. तो पडला की शिल्लक शून्य होते आणि सामू ७. त्यानंतर आणखी एक थेंब पडला की ०.००५ मिलिमोल आम्लारी जास्त होते. आता शिल्लक हायड्रॉक्साइडची आहे, म्हणून भागाकारातून आलेली ०.०००१ ही हायड्रॉक्साइडची संहती. तिच्यावरून आलेला ४ हा आकडा १४ मधून वजा करायचा, म्हणजे सामू १०. ही वजाबाकी राहून गेली तर गुलाबी झालेल्या द्रावणाचा सामू कागदावर ४ दिसतो. तो पाहताच शंका यायला हवी.

दोन थेंबांत ४ वरून १० वर! फिनॉल्फ्थॅलीन ८.२ च्या पुढे गुलाबी व्हायला लागते. त्याचा रंग नेमका ७ ला बदलत नाही, तरी त्यावर विसंबता येते, कारण ७ आणि ८.२ यांच्यातले अंतर एका थेंबाच्या आत पार होते. २५ मिलिलीटरमध्ये एका थेंबाची चूक म्हणजे ०.२ टक्के. शाळा-कॉलेजातल्या अनुमापनाला एवढी अचूकता पुरते.

पण ज्या गोष्टीमुळे अनुमापन इतके भरवशाचे होते, तिच्यामुळेच मधल्या टप्प्यात काढलेला सामू बेभरवशाचा होतो. चांगल्या, अ वर्गाच्या २५ मिलिलीटर पिपेटला ०.०३ मिलिलीटरपर्यंत फरक मान्य असतो आणि ५० मिलिलीटर ब्युरेटला ०.०५ पर्यंत. आपली शिल्लकही नेमकी ०.०५ मिलिलीटरचीच! दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटा आकडा निघाला की त्या मोठ्या आकड्यांमधली सगळी चूक त्या छोट्याच्या अंगावर येते. कागदावर ४ आलेला सामू खऱ्या पात्रात ३.७ असू शकतो, ७ असू शकतो, किंवा १० च्या घरातही असू शकतो. शिल्लक एक मिलिलीटरची असेल तर मात्र इतक्याच चुकीने सामू काही शतांशांनीच हलतो. गणितात २५.०० आणि २४.९५ दिले असतील तर ते मोजमाप अचूक मानून सोडवावे. प्रयोगवहीत मात्र अशा सामूपुढे दोन दशांश स्थळे लिहिणे खोटे ठरते.

द्रावणे विरल केली की ही उडी लहान होते. दोन्ही ०.००१ मोलर घेतली तर तेच दोन थेंब सामू ६ वरून फक्त ८ वर नेतात, आणि फिनॉल्फ्थॅलीन जास्तीच्या एका थेंबाला दादही देत नाही. शिल्लक आणखी घटली तर खुद्द पाण्याचे आयन हिशोबात धरावे लागतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन ०.००००००१ मोलर असतात. आम्लाची शिल्लक याच्या एकदशांश असेल तर साधा सूत्रमार्ग सामू ८ सांगतो, म्हणजे आम्ल उरले आणि द्रावण आम्लारिधर्मी झाले! असे होणे शक्य नाही. पाण्याचे आयन धरून गणित केले की उत्तर ६.९८ येते.

मीटर लावून हे पडताळू पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट आडवी येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि उरलेली थोडीशी आम्लारी खाऊन टाकतो. गुलाबी झालेले पात्र तसेच ठेवले तर रंग हळूहळू फिका पडतो, तो यामुळे. म्हणून अर्धा मिनिट टिकलेला फिका गुलाबी रंग अंतिम बिंदू मानतात. पाणी उकळून थंड केलेले वापरा आणि वाचन लगेच घ्या. रंग नंतर गेला म्हणून पात्रात आणखी एक थेंब टाकू नका.