मथळा नसलेला रकाना

45292, 45323, 45352, 45383, 45413. एक्सेलमधून आणून चिकटवलेल्या रकान्यात एवढेच आकडे आहेत. वर मथळा नाही, शेजारी एकक नाही. आकडे चढते असल्यामुळे आधी वीजमीटरचं रीडिंग वाटेल. पण लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करून पाहा: 31, 29, 31, 30. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांचे हे दिवस, आणि 29 म्हणजे लीप वर्षाचा फेब्रुवारी.

एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या क्रमांकाने. 1 जानेवारी 1900 हा दिवस पहिला. त्या हिशेबाने 45292 म्हणजे 1 जानेवारी 2024, आणि पुढचे आकडेही त्या त्या महिन्याच्या एक तारखेवर पडतात. मात्र एक्सेलमध्ये जवळपास कोणताही आकडा तारीख म्हणून दाखवता येतो. त्यामुळे खरा पुरावा ती अंतरंच.

तरी एक शंका उरते. मॅकवरच्या जुन्या फाइली 1904 पासून मोजतात. तिथे हाच आकडा 2 जानेवारी 2028 होतो, आणि तेही लीप वर्षच! म्हणून उत्तर असं लिहावं: ‘या बहुधा 2024 मधल्या महिन्यांच्या पहिल्या तारखा आहेत. अंतरांवरून केलेला हा अंदाज आहे. फाइल 1904 पासून मोजत असेल, तर तो चुकेल.’