तीस टक्के कापतात, मग उरतं काय?

लोधीखेड्याहून नागपूर साठेक किलोमीटर. सकाळी गाडी काढली की संत्र्याच्या बागा मागे टाकत सावनेरमार्गे माणूस दुपारच्या आत इतवारीत माल उतरवून मोकळा होतो. म्हणूनच इकडे जवसाची चटणी, पापड, चिवडा पुड्यांत भरून विकणाऱ्यांच्या बोलण्यात हल्ली एकच विषय असतो: ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट. दहा-पंधरा मिनिटांत घरपोच माल देणारी ही ॲप. त्यांवर आपला माल टाकावा की नाही? उत्तरं दोन टोकांची येतात. एक म्हणतो, "तीस टक्के कापतात, त्यात कोण पडेल?" दुसरा म्हणतो, "एकदा ॲपवर आलं की देशभर विक्री." दोघांचाही हिशोब अर्धाच मांडलेला असतो.

तो पुरता मांडू. डोळ्यांसमोर जवसाच्या चटणीची २०० ग्रॅमची पुडी ठेवा, छापील किंमत १०० रुपये. पुढचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. आपले आकडे घालून गणित पुन्हा करायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मालावर ५ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की हाती साधारण ९५ रुपये राहतात. जवस, लसूण, तिखट, मीठ, भाजणी-दळणी, मजुरी, पुडी आणि खोका मिळून खर्च ३८ रुपये धरू.

"ॲप तीस टक्के घेतं, किराणावाल्याला तर काहीच द्यावं लागत नाही"

हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. किराणावाल्याला दिलेले पैसे कापलेले दिसत नाहीत, म्हणून ते नसल्यासारखे वाटतात. ९५ रुपयांतून दुकानदाराचे १७ जातात आणि एजन्सीवाल्याचे ८. "दहावर एक फुकट" अशा स्कीमचे ५, गाडीचे २, ऑर्डर आणणाऱ्या पोराचे ६, परत आलेल्या मालाचे २. झाले ४०. उरले ५५, त्यातून खर्चाचे ३८ गेले की हातात १७ रुपये. शिवाय हे पैसे उधारीवर असतात आणि त्यासाठी तीन-तीन चकरा माराव्या लागतात.

आता ॲप. ९५ वर ३० टक्के मार्जिन म्हणजे साडेअठ्ठावीस, सोयीसाठी २९ धरू. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि "तीस टक्के" म्हणणाऱ्याची चूक नेमकी इथेच होते. ॲपवर पुडी वर दिसावी म्हणून जाहिरातीचे ८, सवलतीतला आपला वाटा ५, नागपूरच्या गोदामापर्यंतचा वाहतूक खर्च ३, मुदत संपलेल्या, फुटलेल्या आणि मोजणीत कमी भरलेल्या मालाचे ३. एकूण ४८. उरले ४७, खर्च वजा जाता हातात ९ रुपये.

म्हणजे तुलना तीस विरुद्ध शून्य अशी नाही, ४८ विरुद्ध ४० अशी आहे. एका पुडीमागे फरक ८ रुपयांचा. ह्या आठ रुपयांत किती नवी गिऱ्हाइकं मिळतात आणि पैसे किती लवकर हातात येतात, हा खरा प्रश्न. आणि ह्या ४८ मधला सगळ्यात सैल आकडा मार्जिनचा नसतो, जाहिरातीचा असतो. मार्जिन करारात एकदा ठरतं. जाहिरात मात्र रोज वाढवता येते आणि वाढवायची चटक लागते. आठाचे सतरा झाले की पुडी बिननफ्याची.

ह्यावर उपाय आहे. नागपूरचा पिनकोड घालून ॲपमध्ये "जवस चटणी" शोधा, मग नुसतं "चटणी" शोधा. पहिल्या शोधात मोजके ब्रँड दिसले, तर त्या शब्दावर थोड्या पैशांत वर राहता येईल. "चटणी" ह्या शब्दावर मोठ्या कंपन्या बोली लावून बसलेल्या असतात. तिथे उतरू नये. जवसाची चटणी ओळखणारं गिऱ्हाईक नागपुरात आहेच. तेच आपलं.

"कमिशन वाढलं तर छापील किंमत वाढवू"

ॲपसाठी ११५ आणि दुकानासाठी १०० अशी एकाच पुडीवर दोन एमआरपी छापायची असं अनेकांना सुचतं. आवेष्टित वस्तूंच्या वजनमाप नियमांनी २०१८ पासून एकसारख्या पुडीवर वेगवेगळ्या एमआरपी लावण्यावर बंधन आहे. शिवाय पुडीवर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापावा लागतो, त्यामुळे फरक लपतही नाही. योग्य मार्ग वेगळ्या वजनाचा. दुकानासाठी १०० ग्रॅम, ॲपसाठी ३०० ग्रॅम किंवा जवस आणि शेंगदाणा अशा दोन चटण्यांचा जोड. मोठी पुडी ह्या धंद्यात आणखी एका कारणाने बरी. काही आकारण्या टक्क्यांत नसून प्रति नग असतात. ४० रुपयांच्या पुडीवर नगामागे १० रुपये लागले तर चौथा हिस्सा गेला. २०० च्या जोडावर तेच १० रुपये पाच टक्के.

"ॲपवर नाव आलं की मुंबई-पुण्यातही विकलं जाईल"

ॲपवर नाव येणं आणि माल पोचणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा मिनिटांत माल द्यायचा तर तो गिऱ्हाइकापासून दोन-तीन किलोमीटरवर आधीच ठेवलेला असावा लागतो. ती जागा म्हणजे डार्क स्टोअर, फक्त ॲपची गिऱ्हाइकं सांभाळणारं छोटं गोदाम. एका कप्प्यात आपल्या बारा-पंधरा पुड्या मावतात. त्या विकल्या गेल्या नाहीत तर कप्पा दुसऱ्याला जातो.

जवसाच्या बाबतीत घड्याळ जरा जोरात चालतं. जवसात तेल भरपूर असतं आणि ते हवेने लवकर खराब होतं. जवसाचंच तेल रंगात वापरतात. जुनी पुडी उघडली की लाकडाला लावायच्या रंगासारखा वास येतो. तो वास एकदा आला की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाऊच, हवा काढून भरणं आणि जवस दळण्याआधी नीट भाजणं ह्याने चटणी टिकते, तरी चार महिन्यांपेक्षा मोठी मुदत मी छापू देणार नाही.

आता १२० दिवसांची मुदत धरून बघू. एफएसएसएआयने २०२४ च्या अखेरीस ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की गिऱ्हाइकाच्या हातात माल पडताना त्याची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी. सावधपणे ४५ दिवस धरले तर पंच्याहत्तराव्या दिवसानंतर पुडी विकता येत नाही. गोदामात माल घेताना तर अनेकदा दोन तृतीयांश मुदत शिल्लक मागतात, म्हणजे माल बनल्यापासून चाळीस दिवसांच्या आत तिथे पोचायला हवा. चाळिसाव्या दिवशी पोचला तर विकायला राहिले फक्त ३५ दिवस.

एका डार्क स्टोअरमध्ये १२ पुड्या ठेवल्या आणि पाच दिवसांत एक विकली गेली. ३५ दिवसांत गेल्या ७, वाया गेल्या ५. सात पुड्यांवर प्रत्येकी ९ प्रमाणे ६३ रुपये मिळाले. पाच पुड्यांच्या नुसत्या बनवणावळीचे १९० रुपये बुडाले. हीच पुडी तीन दिवसांत एक गेली तर जवळजवळ सगळा माल संपतो. म्हणून माझ्या मते ठरवण्याची खूण कमिशनच्या टक्क्यात नाही. एका स्टोअरमागे तीन दिवसांत एक पुडी जाते की नाही, ती खूण. आणि चाळिसाव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी माल पोचवला तर विकायला ३५ ऐवजी ६५ दिवस मिळतात. नागपूर साठ किलोमीटरवर असल्याचा आपला खरा फायदा हा आहे.

"नागपूर तर आपलंच, कागदपत्रांचा काय प्रश्न?"

बोली, बाजार, सोयरीक सगळं नागपूरशी. पण जीएसटीच्या लेखी मधे राज्याची सीमा आहे. लोधीखेडा आहे सौंसर तहसिलीत, २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, मध्य प्रदेशात. नागपूर महाराष्ट्रात. कंपोझिशन योजनेत असलेल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्यालाही परराज्यात माल विकायचा तर आधी नोंदणी घ्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यांना आणि नोंदणी नसलेल्यांनाही ॲपवरून विकायची वाट काही अटींसह खुली झाली, ती फक्त राज्यातल्या राज्यात. भोपाळ-इंदूरला चालेल, नागपूरला नाही.

नियमित नोंदणी असलेल्यानेही पहिला प्रश्न हा विचारावा: ॲप माल विकत घेणार, की आपणच विक्रेते म्हणून राहणार? त्यांनी विकत घेतला तर मध्य प्रदेशच्या नंबरावर आयजीएसटी लावून बिल करता येतं. ब्लिंकिट २०२५ पासून स्वतः माल घेऊन विकण्याकडे वळलं आहे. आपण विक्रेते राहणार असू, तर माल नागपूरच्या गोदामात आपल्या नावावर पडून राहतो आणि महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी नंबर काढावा लागतो. त्या वाटेने कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणीत त्याचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकतो. प्रत्येक चुकाऱ्यातून अर्धा टक्का टीसीएस आणि दशांश टक्का टीडीएसही कापला जातो. दोन्ही परत जमेला धरता येतात, पण विवरणपत्र भरल्यावर.

माल विकत घेणार असतील तर उद्यम नोंदणी आधी करून ठेवावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणं कायद्याने बंधनकारक आहे. करार नसेल तर १५ दिवसांत. गावातल्या उधारीपुढे ही मोठीच सोय आहे, पण त्यासाठी पहिल्या बिलापासून कागद नीट हवेत.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. मार्जिन एमआरपीवर की कर वगळून? मुदत संपलेला माल कोणाच्या माथी? मोजणीत कमी भरलेल्या पुड्यांचा वाद किती दिवसांत मांडायचा? जाहिरात सक्तीची का? शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं आणि दरमहा ठरावीक रक्कम सांगितली, तर ती रक्कम अपेक्षित पुड्यांत वाटून बघा. महिन्याला ३०० पुड्या आणि जाहिरात ६,००० रुपये म्हणजे पुडीमागे २०. नऊ रुपये तिथेच संपले.

चाचणी करायची तर फक्त नागपूर, बारा स्टोअर, प्रत्येकी बारा पुड्या: १४४ पुड्या, बनवणावळ साधारण साडेपाच हजार रुपये. माल दहाव्या दिवसाच्या आत पोचवायचा, वहीत प्रत्येक स्टोअरची विक्री आठवड्याला लिहायची. चौथ्या आठवड्यापर्यंत ज्या स्टोअरमध्ये एकूण सात-आठपेक्षा कमी पुड्या गेल्या असतील तिथे पुन्हा माल भरायचा नाही. उरलेली जी सहा-सात स्टोअर असतील, तेवढ्यांसाठीच पुढची घाणी काढायची.